सादरीकरण उत्तम, पण म्हणणं काय?

वक्तृत्वाच्या तालमीनंतर बसलेल्या मुलांना 'कसं झालं?' असं विचारलं, की येणारी उत्तरं मला आता पाठ झाली आहेत. आवाज छान आहे. हातवारे जरा कमी कर. नजर सगळीकडे फिरू दे. मध्ये एकदा अडखळलीस. शेवट आणखी दणदणीत हवा. तालुक्याच्या गावातल्या एका महाविद्यालयात मी मराठी शिकवतो आणि वक्तृत्व मंडळाचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे. या सूचना खोट्या नसतात. पण कानात कापूस घालून नुसतं समोर बघत बसलेल्या माणसालाही यातल्या निम्म्या सुचल्या असत्या. बोलणाऱ्याने काय सांगितलं, ते पटलं का, कुठे डोक्यावरून गेलं, याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही.

मुलं आळशी असतात म्हणून असं होतं, असं मला वाटत नाही. 'हातवारे कमी कर' म्हणायला धाडस लागत नाही. 'तुझा तिसरा मुद्दा मला कळलाच नाही' म्हणायचं, तर आधी स्वतःला न कळल्याची कबुली चारचौघांत द्यावी लागते. ती कोण देणार? शिवाय आवाज नि अभिनय डोळ्यांसमोर घडतात. मांडणी मात्र ऐकणाऱ्याला मनात धरून ठेवावी लागते, आणि तसं करायला त्याला कोणी सांगितलेलंच नसतं.

सुरुवातीला आम्ही स्पर्धेतल्या परीक्षकांचा तक्ता तालमीला वापरत होतो. तो बहुतेकांनी पाहिलेला असतो: आशय, मांडणी, भाषा, सादरीकरण, वेळेचं भान, आणि प्रत्येकापुढे दहापैकी गुणांचा रकाना. वरकरणी त्यात आशय पहिला आहे, मग अडचण काय? अडचण भरून आलेले कागद शेजारी शेजारी ठेवल्यावर दिसते. ज्याचा आवाज खणखणीत, त्याला सादरीकरणात नऊ, आशयात आठ, मांडणीत आठ आणि भाषेतही नऊ. ज्याचा आवाज बारीक, त्याला सगळीकडे पाच-सहा. रकाने पाच, पण मत एकच, पाच वेळा लिहिलेलं. एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९२० मध्ये लष्करातल्या अधिकाऱ्यांच्या मूल्यमापनाबद्दल हेच दाखवलं होतं. वरिष्ठ अधिकारी आपल्या हाताखालच्या माणसाची बुद्धी, शरीरयष्टी, नेतृत्व आणि चारित्र्य यांना वेगवेगळे गुण देत, पण ते गुण एकमेकांशी नको तितके जुळत. एका गुणाचा उजेड बाकीच्यांवर पडत होता.

शिकलेला श्रोता यातून सुटतो, असंही नाही. १९७० मध्ये अमेरिकेत नाफ्टुलिन, वेअर आणि डोनेली या तिघांनी एका नटाला 'डॉक्टर फॉक्स' म्हणून उभं केलं आणि मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, समाजकार्यकर्ते अशा मंडळींपुढे त्याचं व्याख्यान ठेवलं. व्याख्यानात परस्परविरोधी विधानं, मनाने बनवलेले शब्द आणि विनोद यांची रेलचेल होती, अर्थ जवळजवळ नव्हता. श्रोत्यांनी त्याला उत्तम अभिप्राय दिले. १९७३ मध्ये हा प्रयोग छापून आला. आमच्या बी.ए.च्या पोरांकडून मी यापेक्षा जास्त अपेक्षा का ठेवावी?

म्हणून गुणांचा रकानाच काढून टाकला. श्रोत्याने मत द्यायचं नाही, त्याच्यापर्यंत काय पोहोचलं याचा पुरावा द्यायचा, हे ठरलं आणि बाकीचा कागद त्यातून तयार होत गेला. तो अर्ध्या पानाचा आहे. मोठा केला की मुलं खुणा करत सुटतात, हे लवकरच दिसलं.

कागदावरचा पहिला प्रश्न असा: 'वक्त्याला मला काय पटवायचं होतं? एका वाक्यात लिहा.' भाषण संपल्यावर दोन मिनिटं शांतता, कोणी कोणाकडे बघायचं नाही, आणि आठवणीतून हे वाक्य लिहायचं. पहिल्याच दिवशी उत्तरं आली ती 'दुष्काळाबद्दल', 'पाण्याचं महत्त्व', 'शेतकऱ्यांच्या व्यथा' अशी. हे विषय झाले, म्हणणं नव्हे. तेव्हा प्रश्नाखाली एक ओळ वाढवली: वाक्य असं लिहा की त्याला कोणीतरी 'नाही, हे चूक आहे' म्हणू शकेल. 'पाण्याचं महत्त्व'शी कोण भांडणार? या एका ओळीने जेवढं काम केलं, तेवढं मी वर्गात तासन् तास बोलून झालं नव्हतं.

वक्त्यानेही तालमीआधी आपलं म्हणणं एका वाक्यात लिहून कागद घडी करून टेबलावर ठेवायचा. दोन्ही कागद नंतर शेजारी ठेवले जातात. आमच्या सगळ्या खटाटोपात मोजपट्टी म्हणावी अशी हीच एक गोष्ट आहे.

दुसरा प्रश्न मांडणीचा. वक्ता कोणत्या पायऱ्यांनी गेला ते आठवेल त्या क्रमाने लिहा, आणि जिथे 'हे इथे कसं आलं?' असं वाटलं त्या पायरीपुढे फुली मारा. 'मांडणी चांगली होती का?' असं विचारलं की सगळे 'हो' म्हणतात. पायऱ्या लिहायला सांगितल्या की चारांपैकी दोनच आठवतात आणि मधली एक भलतीकडे जाऊन बसते. ही विस्मृती बहुतेक वेळा श्रोत्याची नसते, भाषणातच ते दोन मुद्दे एकमेकांना चिकटलेले नसतात.

तिसरा प्रश्न आशयाचा: एक विधान लिहा जे पटलं, आणि कशामुळे पटलं, एक लिहा जे पटलं नाही किंवा अर्धवट वाटलं. त्याखाली तीन शब्द छापले आहेत: किती? कशाचे? कुठून? कॉलेजातल्या भाषणातला आकडा या तीनपैकी एका तरी प्रश्नाशी अडखळतो.

चौथा प्रश्न स्पष्टतेचा आहे आणि तो एकाच श्रोत्याकडे असतो. त्याच्या कागदावर सात मिनिटांचे सात चौकोन असतात. ऐकताना जिथे धागा सुटला, तिथे त्या मिनिटाच्या चौकोनात टिंब द्यायचं, कारण लिहायचं नाही. सगळ्यांनीच टिंबं द्यायला सुरुवात केली तर ऐकणार कोण? म्हणून एकच.

सादरीकरण सर्वांत शेवटी, आणि तेही अटीवर. आवाज, गती, उच्चार, हातवारे यांबद्दल लिहायचं असेल, तर त्यामुळे भाषणातल्या कोणत्या वाक्याचं नुकसान झालं ते सांगायचं. 'घाईत बोललास' चालत नाही. 'घाईत बोललास म्हणून खर्चाची दोन वाक्यं ऐकू आली नाहीत' चालतं.

ही अट घालण्यामागे आणखी एक कारण होतं. आमच्याकडे अनेक मुलं वाडी-वस्तीवरून येतात. त्यांच्या 'न' आणि 'ण'वरून शहाणपणा सांगणारे शेरे तालमीत पूर्वी ठासून भरलेले असत. मुलींना आवाजाच्या पट्टीबद्दल आणि कपड्यांबद्दल जेवढं ऐकावं लागे, त्याच्या निम्मंही मुलांना नाही. आता नियम असा आहे, की शब्द कळला नसेल तर बोला, कळला असेल तर उच्चाराबद्दल गप्प बसा. 'आनि' म्हटल्याने एकाही श्रोत्याचा धागा तुटल्याचं टिंब मी आजवर पाहिलेलं नाही. खणखणीत प्रमाणभाषेतल्या, एका दमात म्हटलेल्या लांबलचक वाक्यांवर मात्र टिंबांची रांग लागते.

आता एक भाषण जरा बारकाईने पाहू. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षातल्या एका मुलीने 'दुष्काळ: अस्मानी की सुलतानी?' या विषयावर सात मिनिटांचं भाषण तयार केलं होतं. सुरुवात लातूरच्या पाण्याच्या रेल्वेने. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी नेलं गेलं, ते आपल्या सगळ्यांना आठवतं. तिने ते फार चांगलं उभं केलं होतं: स्टेशनवरची गर्दी, वाघिणी, पाणी उतरवायचे पाइप. मग मराठवाड्याचा पाऊस, मग शेतकऱ्यांच्या आत्महत्या, मग ऊस, मग इस्रायल, आणि शेवटी एक कवितेची ओळ. आवाज उत्तम, पाठांतर पक्कं. जुन्या तक्त्यावर तिला सगळीकडे नऊ मिळाले असते.

तिच्या घडी केलेल्या कागदावर वाक्य होतं: 'मराठवाड्याचा दुष्काळ पावसाने नव्हे, उसाने आणला.' हे भांडता येण्याजोगं वाक्य आहे, उत्तम. श्रोत्यांचे कागद उघडले तर एकाने लिहिलं होतं 'पाणी जपून वापरावं', दुसऱ्याने 'सरकारने रेल्वे उशिरा सोडली', तिसऱ्याने 'इस्रायलसारखं तंत्रज्ञान आणावं'. ऊस एकाच्याच वाक्यात होता. पायऱ्यांच्या यादीत मात्र सगळ्यांनी रेल्वे लिहिली होती, बहुतेकांनी ती पहिली आणि एकाने पहिली नि शेवटची अशी दोनदा. टिंबवाल्याचा कागद पाचव्या चौकोनापर्यंत कोरा होता. पाचव्यात तीन टिंबं. तिथेच ती आत्महत्यांवरून उसावर आली होती आणि तिथून सव्वा मिनिटात इस्रायलला पोहोचली होती.

तिचं पहिलं म्हणणं असं, की मुलांनी नीट ऐकलं नाही. तालमीत वक्त्याला उत्तर द्यायला आम्ही मनाई केली आहे, फक्त प्रश्न विचारता येतो. ही मनाई नसेल तर पुढची दहा मिनिटं वक्ता आपलं भाषण समजावून सांगण्यात घालवतो आणि श्रोते 'अच्छा, तसं होय' म्हणत माना डोलावतात. ते समजावणं स्पर्धेच्या व्यासपीठावर मिळणार नसतं. तेव्हा तिने विचारलं, 'ऊस कुठे आला ते आठवत नाही का तुम्हाला?' एकाने सांगितलं, 'आठवतो, पण तो रेल्वेला कुठे जोडला होतास?'

तिसऱ्या प्रश्नाखाली जे आलं ते मला अधिक मोलाचं वाटलं. भाषणात वाक्य होतं: 'राज्याचं सत्तर टक्के पाणी एकटा ऊस पितो.' एका मुलाने पुढे लिहिलं: सत्तर टक्के कशाचे? तिने शोधायला घेतलं तेव्हा दिसलं, की बऱ्याच ठिकाणी उद्धृत होणारा तो आकडा सिंचनासाठी वापरल्या जाणाऱ्या पाण्याबद्दलचा आहे आणि तोही अंदाज आहे. राज्यात पडणाऱ्या पावसाचा किंवा एकूण पाण्याचा तो हिस्सा नाही. फरक लहान नव्हे. एका वाक्याने ऊस राक्षस होतो, दुसऱ्याने तो वाटपाचा प्रश्न होतो.

दुसऱ्या एका मुलीने लिहिलं होतं: '२०१४ आणि २०१५, दोन्ही वर्षी आमच्याकडे पाऊस कमीच झाला होता. मग पाऊस निर्दोष कसा?' ही मुलगी मूळची मराठवाड्यातली, तिने ते अंगावर काढलेलं. हा प्रश्न सरळ त्या घडीच्या कागदावरच्या वाक्यावर घाव घालणारा होता. दोन दिवसांनी वक्त्या मुलीने वाक्य बदलून आणलं: 'पाऊस कमी पडला हे खरं, पण तो अधूनमधून कमी पडणारच हे धरून आपण पिकं घेतली नाहीत.' पहिल्यापेक्षा हे कमी टाळ्यांचं, पण जास्त खरं आणि उभं राहणारं म्हणणं आहे.

मग रेल्वेचं काय करायचं? ती काढून टाकावी असं मला वाटत होतं. ज्या मुलाने 'कशाचे?' विचारलं होतं त्यानेच मार्ग काढला. पहिल्या गाडीत दहा वाघिणी होत्या, प्रत्येकीत पन्नास हजार लिटर, म्हणजे पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणींची गाडी सुरू झाली, म्हणजे पंचवीस लाख. २०११ च्या जनगणनेत लातूर शहराची लोकसंख्या तीन लाख ऐंशी हजारांच्या वर आहे. पंचवीस लाखांना या लोकसंख्येने भागा: माणशी साडेसहा लिटर, एक बादलीही नाही. आता रेल्वे नुसतं दृश्य राहिली नाही. एवढी मोठी गाडी आणली तरी माणशी बादली भरत नाही, तर बादलीचं पाणी आधी कुठे गेलं, हा प्रश्न तिथून आपोआप निघतो आणि मांजरा धरणाच्या परिसरातल्या पिकांकडे नेतो. ऊस पाचव्या मिनिटावरून दुसऱ्यावर आला. इस्रायल गेला. आत्महत्यांचा परिच्छेदही गेला, कारण तो तिथे दुःखाचा रंग भरण्यापलीकडे काही करत नव्हता, आणि अशा विषयाला रंग म्हणून वापरू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

पुढच्या तालमीला आम्ही एक युक्ती केली, ती आता नेहमीचीच झाली आहे. भाषणाची संहिता तिने म्हणायची नाही. दुसऱ्या कोणीतरी खुर्चीत बसून बातम्या वाचाव्यात तशी सपाट आवाजात वाचायची आणि वक्त्याने श्रोत्यांत बसून तोच कागद भरायचा. आवाजाचा सगळा आधार काढून घेतला की कच्चं वाक्य लगेच उघडं पडतं. आपलंच भाषण परक्या तोंडून ऐकताना तिने दोन ठिकाणी स्वतःच फुल्या मारल्या. एका जागी तर 'म्हणूनच' असा शब्द होता आणि आधीच्या वाक्यातून पुढचं वाक्य निघतच नव्हतं. ती स्वतः म्हणत असताना तो 'म्हणूनच' इतक्या जोरात यायचा, की कोणाला संशय आला नव्हता.

या कागदाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. तो सत्य तपासत नाही. श्रोत्याला जे माहीतच नाही ते चूक आहे हे तो कसं ओळखणार? सत्तर टक्क्यांचा प्रश्न विचारणारा मुलगा त्या दिवशी गैरहजर असता, तर तो आकडा तसाच स्पर्धेला गेला असता. म्हणून वक्त्याने भाषणातल्या प्रत्येक आकड्यापुढे तो कुठल्या अहवालातून किंवा पुस्तकातून घेतला ते लिहिलेला वेगळा कागद माझ्याकडे द्यायचा, असा नियम जोडला. दुसरं, आठवणीवर भर दिला की गोष्टी जिंकतात आणि युक्तिवाद हरतात. रेल्वे सगळ्यांना आठवली याचा अर्थ रेल्वे हा भाषणाचा उत्तम भाग होता असा नाही. पायऱ्यांची यादी वाचताना ही सूट धरावी लागते.

आणि तिसरी मर्यादा सर्वांत चिवट आहे. तीच मुलं तेच भाषण पुन्हा पुन्हा ऐकतात. काही तालमींनंतर सगळ्यांची वाक्यं वक्त्याच्या वाक्याशी तंतोतंत जुळायला लागतात आणि आपण सुधारलो असं वाटतं. सुधारलेलं काही नसतं, श्रोते पाठ झालेले असतात. म्हणून शेवटच्या तालमीला आम्ही नवे कान आणतो: वाणिज्य शाखेची दोन मुलं, ग्रंथालयातले मामा, कोणाची तरी आत्या. मामांनी एकदा पहिल्या प्रश्नापुढे लिहिलं, 'मुलगा हुशार आहे.' त्या मुलाने त्या रात्री बसून अर्धं भाषण नव्याने लिहिलं.

या मुलीच्या शेवटच्या तालमीला पाचपैकी चार नव्या श्रोत्यांच्या वाक्यात पावसाचा अंदाज धरून पीक घेण्याची गोष्ट होती. टिंबवाल्याच्या कागदावर एकच टिंब, चौथ्या मिनिटात. आकडे सलग आले होते, ते तिने दोन श्वासांत तोडले. सादरीकरणाखाली एकच शेरा होता: 'साडेसहा लिटर' म्हटल्यावर थांब, नाहीतर भागाकार कळत नाही.

स्पर्धेत तिला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. परीक्षकांच्या तक्त्यावरचा शेरा नंतर पाहायला मिळाला: 'विषय चांगला. आवाजात चढउतार अधिक हवेत. शेवट परिणामकारक नाही.' तिने काय म्हटलं होतं, याचा तक्त्यात कुठेही उल्लेख नव्हता, आणि तक्त्यात तशी जागाही नव्हती. वक्तृत्व स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांना म्हणून एक विनंती आहे. तुमच्या गुणपत्रकातले रकाने आहेत तसे राहू द्या, पण त्यांच्या वर एक कोरी ओळ छापा: 'वक्त्याचं म्हणणं एका वाक्यात.' आणि ती भरल्याशिवाय परीक्षकांकडून गुणपत्रक परत घेऊ नका.